कंपनीला योगवर्गांचा प्रस्ताव पाठवताना: चार आठवड्यांच्या प्रयोगाचं पत्र कसं लिहावं

योग स्टुडिओ चालवणाऱ्या मंडळींकडून कंपन्यांना जाणारी बहुतेक पत्रं एकाच साच्यातली असतात. सुरुवातीला धकाधकीचं जीवन, मग योगाची थोरवी, मग संस्थापकांचा परिचय आणि शेवटी ‘आपल्या प्रतिसादाच्या प्रतीक्षेत’. असं पत्र वाचून एचआरमधल्या माणसाला काय करता येईल? फार तर ‘छान आहे’ म्हणून फाइलमध्ये टाकता येईल. कारण त्याला पुढच्या माणसाला सांगण्यासारखं त्यात काहीच नसतं.

इथेच खरी मेख आहे. तुमचं पत्र ज्याच्या हाती पडतं, तो सहसा एकटा निर्णय घेत नाही. तो ते ॲडमिनला पाठवतो, कारण खोली त्यांच्या ताब्यात. मग फायनान्सला, कारण पैसे तिथून सुटायचे. मोठ्या कंपनीत खरेदी विभागही मध्ये येतो. या वाटेवर तुम्ही सोबत नसता, त्यामुळे प्रत्येक टेबलावर उठणाऱ्या प्रश्नाचं उत्तर पत्रानंच द्यायला हवं. ॲडमिन विचारणार, खुर्च्या कोण हलवणार? फायनान्स विचारणार, एकूण किती आणि कधी द्यायचे? आणि कोणीतरी हमखास विचारणार, कोणाची पाठ धरली तर जबाबदारी कोणाची?

वर्षभराच्या कराराचं पत्र नवख्यानं पहिल्या भेटीत पाठवू नये, असं माझं ठाम मत आहे. चार आठवड्यांच्या प्रायोगिक वर्गांचं पाठवावं. त्याला होकार देणं सोपं असतं, आणि तुम्हालाही ती कंपनी कशी आहे ते कळतं. पुढे एक उदाहरण धरून चालू: सव्वाशे माणसांचं एक ऑफिस, काम फोनवरून ग्राहकांना मदत करण्याचं, दिवसभर कानाला हेडसेट, कामाची वेळ सकाळी १० पासून आणि दुसरी पाळी दुपारनंतर.

आधी खोली मोजा

पत्र लिहायला बसण्याआधी एक फोन किंवा शक्य असेल तर एक चक्कर. विचारायच्या गोष्टी मोजक्याच: वर्गाला कोणती खोली मिळू शकते, तिची लांबी-रुंदी किती, मधलं टेबल हलतं का, आणि कपडे बदलायची सोय कुठे आहे.

आपल्या उदाहरणातली प्रशिक्षण खोली ९ मीटर लांब, ६ मीटर रुंद आहे. म्हणजे ५४ चौरस मीटर. नेहमीची मॅट साधारण १७३ सेंटिमीटर लांब आणि ६१ सेंटिमीटर रुंद असते. हात बाजूला पसरता यावेत म्हणून मॅटमागे रुंदीला १.२ मीटर आणि लांबीला २.१ मीटर धरली, तर एका माणसाला अडीच चौरस मीटर लागतात. कागदावर भागाकार केला की एकवीस माणसं बसतात. पण समोर शिक्षकाला आणि त्याची मॅट सगळ्यांना दिसायला दोन मीटर सोडावे लागतात. खुर्च्या एकावर एक रचून एका भिंतीला लावल्या की मीटरभर रुंदी जाते. मागे दाराजवळ थोडी वाट हवीच. उरतात चार-चारच्या तीन रांगा, म्हणजे बारा माणसं.

पत्रात ‘१२ जागा’ असं स्पष्ट लिहायचं. ‘वीस-पंचवीस जणांचा गट’ असं लिहून पाठवलं आणि पहिल्याच दिवशी पंचवीस माणसं दारात उभी राहिली, तर त्यातली निम्मी परत येत नाहीत. शिवाय ॲडमिनच्या माणसाला तुमच्या आकड्यावरून कळतं की यांनी खोली पाहिली आहे. हा विश्वास कोणत्याही परिचयपत्रानं मिळत नाही.

वेळ ठरवताना

आसनांच्या आधी पोट हलकं हवं. पोटभर जेवणानंतर दोन-तीन तासांचं अंतर ठेवायला आपण सगळेच सांगतो. म्हणून जेवणाच्या सुट्टीत वर्ग ठेवायचा झाला, तर तो जेवणाआधीच हवा, आणि मग जेवायला वेळ उरतो का तेही बघावं लागतं. संध्याकाळी लोकांचं लक्ष घरच्या वाटेकडे असतं. आपल्या उदाहरणात सकाळी ८:४५ ते ९:३० ही वेळ बरी पडते. पंचेचाळीस मिनिटांचा वर्ग, त्यानंतर कपडे बदलून, चहा घेऊन १० वाजता जागेवर बसायला अर्धा तास. तो अर्धा तास ऐच्छिक समजू नका. बारा माणसं आणि दोन प्रसाधनगृहं असली की तेवढा लागतोच.

मात्र या वेळेत दुपारच्या पाळीतली माणसं येणार नाहीत. हे पत्रात स्वतःहून लिहा. नाहीतर मीटिंगमध्ये कोणीतरी तोच मुद्दा काढतो आणि प्रस्ताव ‘पुन्हा विचार करू’ म्हणून मागे पडतो.

कपडे बदलायची सोयच नसेल, तर मॅटचा हट्ट सोडा. खुर्चीवर बसून मान, खांदे, मनगटं, पाठ आणि श्वास असा तीस मिनिटांचा वर्ग नेहमीच्या कपड्यांत होतो. पण प्रयोगात दोन्ही प्रकार मिसळू नका. काय चाललं आणि काय नाही ते शेवटी कोणालाच सांगता येत नाही.

फी मांडणं

माणशी फी लावू नका. पहिल्या वर्गाला उत्साह असतो, तिसऱ्या आठवड्यात कोणाची मीटिंग, कोणाची रजा, आणि हजेरी उतरते. तुमच्या शिक्षकाचा वेळ मात्र आठ जण आले तरी तेवढाच जातो. फी वर्गामागे असावी आणि त्यात कमाल किती जागा ते लिहिलेलं असावं.

आकडा काढताना पंचेचाळीस मिनिटांचा हिशेब केला की फसगत होते. जायला चाळीस मिनिटं, यायला चाळीस, आधी मॅट घालायला पंधरा, नंतर पुसून गुंडाळायला पंधरा. एकूण १५५ मिनिटं, म्हणजे अडीच तासांहून जास्त. शिक्षकाचं मानधन या वेळेवर काढा, त्यात प्रवास, मॅटची ने-आण आणि तुमचा व्यवस्थापनाचा वाटा घाला. मग आठ वर्गांची एकच एकूण रक्कम, करांसहित, पत्रात द्या. ‘फी चर्चेनुसार’ असं लिहिलेलं पत्र फायनान्सकडे पोचतच नाही.

इथे एक युक्ती सांगतो, खरं तर युक्तीही नाही, साधी चौकशी आहे. बऱ्याच कंपन्यांत एका मर्यादेपर्यंतचा खर्च विभागप्रमुख स्वतःच्या सहीनं मंजूर करू शकतो. त्यापुढे वर जावं लागतं. पहिल्या फोनवरच विचारा, “एवढ्या छोट्या प्रयोगाला तुमच्या पातळीवर मंजुरी होते का?” होत असेल, तर त्या मर्यादेत बसेल असा प्रयोग आखा, हवं तर आठऐवजी सहा वर्ग करा.

आणि चार आठवडे फुकट? नको. फुकट कामाला कोणाची मंजुरी लागत नाही, आणि ज्यावर कोणी सही केलेली नाही ते पुढे चालवायची जबाबदारीही कोणाची नसते. प्रयोग संपल्यावर शून्यावरून पूर्ण फीवर जाताना सगळी प्रक्रिया पहिल्यापासून सुरू होते. ओळख म्हणून अर्ध्या तासाचा एक वर्ग द्यायला हरकत नाही, त्याहून जास्त नाही. २१ जूनच्या योगदिनाला तर अशी एकदिवसीय आमंत्रणं भरपूर येतात. फोटो निघतात, हार-तुरे होतात आणि जुलैत कोणाला आठवण नसते. ते निमंत्रण घ्यायचं तर घ्या, पण त्याच दिवशी हातात द्यायला हे पत्र तयार ठेवा.

काय कबूल करायचं आणि काय नाही

या भागात नवखे लोक सगळ्यात जास्त घसरतात. ‘रजा कमी होतील’, ‘वैद्यकीय खर्च वाचेल’, ‘बर्नआउट दूर होईल’ ही वाक्यं इतकी सवयीनं लिहिली जातात की लिहिणाऱ्यालाही ती दावे वाटत नाहीत. वाचणारा मात्र ती वाक्यं दावे म्हणूनच वाचतो.

अमेरिकेत एका मोठ्या विक्री-साखळीच्या दुकानांत आरोग्य कार्यक्रमाची चाचणी झाली. कोणत्या दुकानांत कार्यक्रम ठेवायचा ते सोडतीनं ठरवलं होतं. २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष आले. दीड वर्षानंतर लोक ‘आम्ही व्यायाम जास्त करतो’ असं सांगत होते, पण रक्तदाबासारखी मोजमापं, वैद्यकीय खर्च आणि गैरहजेरी यांत ठळक फरक दिसला नाही. तो कार्यक्रम योगाचा नव्हता, पण एचआरमधल्या अनुभवी माणसानं अशा चाचण्यांबद्दल वाचलेलं असू शकतं. त्याच्यापुढे बचतीचं आश्वासन टाकलं, की बाकीच्या पत्रावरचाही त्याचा विश्वास उडतो.

बर्नआउटचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या अकराव्या आजार-वर्गीकरणात तो आजार म्हणून घातलेला नाही. नीट हाताळला न गेलेल्या कामाच्या दीर्घ ताणातून येणारी ती कामाशी निगडित अवस्था आहे, अशी त्याची मांडणी आहे. कामाचा बोजा तसाच ठेवून आठवड्यातल्या दोन वर्गांनी तो जाईल असं म्हणणं बरोबर नाही, आणि व्यवस्थापनाला ते बोट दाखवल्यासारखंही वाटू शकतं.

पाठदुखीबद्दल थोडं बोलता येतं. जुन्या, ठरावीक कारण नसलेल्या कंबरदुखीवरच्या चाचण्यांचा कोक्रेन संस्थेनं २०१७ मध्ये आढावा घेतला. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत योग करणाऱ्यांच्या हालचालीत तीन आणि सहा महिन्यांनी थोडी ते मध्यम सुधारणा दिसली, आणि काहींची पाठदुखी वाढल्याचीही नोंद झाली. सुधारणा तीन महिन्यांनी मोजलेली आहे, तुमचा प्रयोग चार आठवड्यांचा. म्हणून पत्रात उपचाराची भाषा आणायचीच नाही. कबूल करायचं ते तुमच्या हातात आहे तेवढंच: वर्ग ठरल्या वेळी सुरू होईल, शिक्षक प्रशिक्षित असेल, वर्ग नवशिक्यांना झेपेल असा असेल, आणि शेवटी तुम्ही एक पानाचा अहवाल द्याल.

पत्र

पत्र एका पानाचं. शिक्षकांची प्रमाणपत्रं, विम्याची प्रत आणि आरोग्य प्रश्नावली वेगळी जोडायची. आपल्या उदाहरणासाठी ते असं होईल:

> विषय: कर्मचाऱ्यांसाठी चार आठवड्यांचे प्रायोगिक योगवर्ग (८ वर्ग, १२ जागा, मंगळवार व गुरुवार सकाळी)
>
> माननीय मनुष्यबळ व्यवस्थापक,
> सप्रेम नमस्कार.
>
> मागच्या आठवड्यात आपल्याशी फोनवर झालेल्या बोलण्यानुसार हा प्रस्ताव पाठवत आहोत. आपल्या कार्यालयातील कर्मचारी दिवसाचा बराच वेळ हेडसेट लावून एका जागी बसून काम करतात. त्यांच्यासाठी मान, खांदे आणि पाठ यांच्या हालचालींवर भर देणारे आठ योगवर्ग घ्यावेत, अशी आमची सूचना आहे.
>
> वर्ग मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी ८:४५ ते ९:३० या वेळेत आपल्या प्रशिक्षण कक्षात होतील. कक्षाच्या मापानुसार एका वर्गात १२ जण सहभागी होऊ शकतात. चार नावे प्रतीक्षा यादीत ठेवू. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोणी येणार नसल्याचे कळवल्यास ती जागा पुढील व्यक्तीस मिळेल. दुपारच्या पाळीतील कर्मचाऱ्यांना ही वेळ सोयीची नाही, याची आम्हाला जाणीव आहे. प्रयोग उपयोगी वाटल्यास त्यांच्यासाठी वेगळी वेळ ठरवता येईल.
>
> मॅट आम्ही आणू. खुर्च्या हलवणे आणि परत लावणे हे काम आमचे शिक्षक करतील. त्यासाठी कक्ष ८:३० ते ९:४५ मोकळा मिळावा, एवढीच विनंती आहे. सहभाग पूर्णपणे ऐच्छिक असेल. वर्गात मंत्रोच्चार नसतील.
>
> प्रत्येक सहभागी व्यक्ती सुरुवातीला एक आरोग्य प्रश्नावली आणि संमतिपत्र भरेल. गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, अनियंत्रित रक्तदाब, काचबिंदू किंवा मणक्याचा त्रास असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानंतरच सहभाग घ्यावा. ही माहिती फक्त शिक्षकांकडे राहील. ती कंपनीस दिली जाणार नाही. आमचा दायित्व विमा असून त्याची प्रत सोबत जोडली आहे.
>
> आठ वर्गांची एकूण रक्कम करांसहित ______ इतकी आहे. चोवीस तास आधी कळवल्यास रद्द झालेला वर्ग पुढे घेता येईल. त्यानंतर रद्द झाल्यास त्याची फी आकारली जाईल. आमचे शिक्षक येऊ न शकल्यास बदली शिक्षक पाठवू, अन्यथा त्या वर्गाची फी घेणार नाही.
>
> चौथ्या आठवड्यानंतर हजेरी आणि सहभागींचे निनावी अभिप्राय यांचा एक पानाचा अहवाल देऊ. तो पाहून पुढे जायचे की नाही, हे आपण ठरवावे.
>
> येत्या बुधवारी किंवा गुरुवारी पंधरा मिनिटे बोलता येईल का?
>
> आपली विश्वासू,

पत्रातल्या दोन-तीन गोष्टी मुद्दाम आहेत. विषयाच्या ओळीत आकडे आहेत, कारण पुढे पाठवलेल्या मेलची अनेकदा तेवढी एकच ओळ वाचली जाते. मंत्रोच्चारांचा उल्लेख आहे, कारण वेगवेगळ्या श्रद्धांची माणसं एका ऑफिसात काम करतात आणि एचआरला तो प्रश्न विचारताना अवघड वाटतं. तुमच्या स्टुडिओला ॐकाराशिवाय वर्ग घेणं पटत नसेल, तर तसं लिहा. पण गप्प राहू नका. आरोग्याची माहिती कंपनीला न देण्याचं वाक्य तर अजिबात गाळू नका. आपल्या मणक्याचा त्रास साहेबांपर्यंत जाईल अशी शंका आली, तर माणूस प्रश्नावलीत सगळीकडे ‘नाही’ लिहितो आणि मग शिक्षकाला काहीच कळत नाही.

पाठवल्यानंतर

पत्र मंगळवारी-बुधवारी जाऊ द्या. महिनाअखेर आणि तिमाहीअखेर टाळा, तेव्हा फायनान्सवाले वर मान करत नाहीत. पाच-सहा कामाच्या दिवसांनी एक फोन. त्यात ‘पत्र पाहिलंत का?’ याऐवजी विचारा, “ते पुढे कोणाकडे गेलंय? त्यांना आणखी काही हवंय का?” या प्रश्नावरून पत्र कुठे अडलं ते कळतं. ॲडमिनकडे अडलं असेल तर खोलीचा आराखडा पाठवा, फायनान्सकडे अडलं असेल तर रक्कम दोन हप्त्यांत विभागून बघा. आणखी दोनदा विचारूनही ते कुठे आहे हेच कोणाला सांगता येत नसेल, तर तिमाही बदलेपर्यंत विषय सोडून द्या.

होकार आला की वेंडर नोंदणी होते: बँकेचा तपशील, नोंदणीची कागदपत्रं, कराचे क्रमांक. यात वेळ जातो हे धरूनच पहिल्या वर्गाची तारीख ठरवा. पर्चेस ऑर्डरचा क्रमांक हाती येण्याआधी वर्ग सुरू करू नये. त्या क्रमांकाशिवाय पाठवलेलं बिल अनेक ठिकाणी यंत्रणेत घेतलंच जात नाही. पैसे बिलानंतर तीस, पंचेचाळीस किंवा साठ दिवसांनी मिळणं हे कंपन्यांत नेहमीचं आहे. साठ दिवसांची अट असेल, तर तेवढा काळ शिक्षकाचं मानधन तुम्ही स्वतःच्या खिशातून देणार आहात. ते झेपणार नसेल तर अर्धी रक्कम आगाऊ मागा, आणि ती मागणी पहिल्या बिलाच्या वेळी न करता पर्चेस ऑर्डर निघण्याआधी करा.

अहवाल

मोजायचं थोडंच. प्रत्येक वर्गाची हजेरी, नावांशिवाय. वर्गाआधी आणि नंतर मान-खांदे किती आखडलेत याला शून्य ते दहा गुण, निनावी चिठ्ठीवर. शेवटी एक प्रश्न: पुढे वर्ग चालू राहिले तर याल का?

आकडे जसे आहेत तसे लिहा. बारापैकी दहा जण ‘येऊ’ म्हणाले, तर ‘१२ पैकी १०’ लिहा; ‘८३ टक्के कर्मचारी’ असं लिहिलं की सव्वाशे माणसांच्या ऑफिसात ते खोटं दिसतं. आणि ही बारा माणसं स्वतःहून आलेली आहेत, म्हणजे त्यांना हे आवडण्याची शक्यता आधीच जास्त होती, हेही एका वाक्यात सांगा. हजेरी बारावरून सातवर आली असेल तर कारण विचारून लिहा. ‘गुरुवारी सकाळी ९ वाजता टीम मीटिंग असते’ असं उत्तर निघालं, तर तो वर्गाचा दोष नाही, वाराचा आहे, आणि पुढच्या पत्रात गुरुवारऐवजी शुक्रवार येईल.

पुढच्या कराराचं बोलणं मात्र अहवालापर्यंत लांबवू नका. तिसऱ्या आठवड्यातच एचआरला विचारा की पुढच्या तिमाहीच्या बजेटमध्ये हे घालायचं असेल तर कोणत्या तारखेपर्यंत कागद लागतील. चौथ्या आठवड्याच्या अहवालासोबत बारा आठवड्यांचा प्रस्ताव जायला हवा, तोही एका पानाचा, त्याच क्रमानं: वार, वेळ, जागा, रक्कम. दुपारच्या पाळीची वेगळी वेळ पहिल्या पत्रात कबूल केली होती, ती यात विसरू नका.